पान १२३ वरची पाच वाक्यं

वेदनाशमनावरच्या एका वैद्यकीय पुस्तकाचे संदर्भ मी तपासत होते. जुनाट कंबरदुखीच्या प्रकरणात एक वाक्य होतं: 'दीर्घकाळ ओपिऑइड औषधं दिली तरी व्यसन लागण्याचं प्रमाण १ टक्क्याहून कमी असतं.' पुढे दोन संदर्भ होते. पहिला पोर्टर आणि जिक यांचा, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन, १९८०, खंड ३०२, पान १२३. दुसरा बराच नंतरचा एक आढावा लेख.

नावं, साल, खंड, पान, सगळं बरोबर जुळलं. पुष्कळदा तपासणी इथेच संपते आणि समासात बरोबरची खूण पडते. मला खटकला तो पान क्रमांक. 'पासून-पर्यंत' नाही, एकच पान. रुग्णांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केलेला अभ्यास एका पानात कसा मावेल? म्हणून मूळ पान उघडलं.

तो शोधनिबंध नव्हताच. संपादकांना पाठवलेलं पाच वाक्यांचं पत्र होतं. लेखकांनी रुग्णालयात दाखल असलेल्या ३९,९४६ रुग्णांच्या नोंदी पाहिल्या होत्या. त्यांपैकी ११,८८२ जणांना किमान एकदा अफूवर्गीय, म्हणजेच ओपिऑइड, औषध मिळालं होतं, आणि व्यसनाचा पूर्वेतिहास नसलेल्यांत व्यसन लागल्याची बऱ्यापैकी नोंद फक्त चौघांची सापडली होती.

अशा वेळी मी वाक्याचे तुकडे करते आणि प्रत्येक तुकडा मूळ मजकुरात बोट ठेवून शोधते. आकडा: ११,८८२ मध्ये चार म्हणजे साधारण ०.०३ टक्के, तेव्हा '१ टक्क्याहून कमी' हा हिशेब खरा. रुग्ण: आमच्या वाक्यात घरी राहून गोळ्या घेणारे कंबरदुखीचे रुग्ण, पत्रात रुग्णालयात दाखल झालेले. कालावधी: आमच्याकडे 'दीर्घकाळ', पत्रात 'किमान एकदा', एकच डोस मिळालेला माणूसही त्या ११,८८२ मध्ये येतो. घरी गेल्यावर या लोकांचं काय झालं, हे पत्र सांगतच नाही. पूर्वेतिहासाची अटही आमच्या वाक्यातून गळली होती. एकटा आकडा सोडला तर त्या वाक्याला मूळ पानावर आधार नव्हता. आणि आकडा खरा असल्यामुळेच अशी चूक नजरेतून निसटते.

मग दुसरा संदर्भ. आढावा लेखात नेमकं तेच विधान होतं, आणि त्याखाली तळटीप? पोर्टर आणि जिक, १९८०. म्हणजे वाचकाला दोन साक्षीदार दिसत होते, प्रत्यक्षात एकच होता आणि तोही वेगळंच सांगत होता. ही साखळी शोधायला फार कष्ट लागत नाहीत, दुसऱ्या लेखाच्या संदर्भसूचीत एक पायरी खाली उतरावं लागतं.

हे आमच्या लेखकापुरतं नव्हतं. २०१७ साली त्याच नियतकालिकात या पत्राच्या उल्लेखांची मोजणी प्रसिद्ध झाली. ६०८ उल्लेखांपैकी ४३९ ठिकाणी ते व्यसन दुर्मीळ असल्याचा पुरावा म्हणून वापरलं होतं, आणि ४९१ ठिकाणी रुग्ण रुग्णालयात दाखल होते हे सांगितलंच नव्हतं. आता मूळ पत्राबरोबर संपादकांची सावधगिरीची टीपही आहे. या औषधांनी अमेरिकेत नंतर किती घरं उद्ध्वस्त केली हे माहीत असल्यावर ते आकडे शांतपणे वाचवत नाहीत.

लेखकाला पाठवायच्या क्वेरीत मी 'संदर्भ चुकीचा' असं लिहिलं नाही, कारण त्यावर साल-पान पुन्हा तपासून 'बरोबर आहे' असंच उत्तर येतं. पत्रातले आकडे आणि आमचं वाक्य शेजारी शेजारी मांडलं. लेखक डॉक्टरांचा त्याच संध्याकाळी फोन आला.

"मॅडम, हा आकडा आम्ही शिकत असल्यापासून ऐकतोय."

"डॉक्टर, आकडा त्या पानावर आहे. पण तो तुमच्या रुग्णांचा नाही."

ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला ते पान पाठवा." मला त्यांच्याबद्दल आदर वाटला, पुष्कळ लेखक इथे अनुभवाचा हवाला देतात.

वाक्य रुग्णालयातल्या रुग्णांपुरतं मर्यादित करणं हा एक उपाय होता, पण कंबरदुखीच्या प्रकरणात त्याचा उपयोग काय? त्यांनी विधान काढून २०१५ साली 'पेन' या नियतकालिकात आलेला, ३८ अभ्यासांचा आढावा तिथे वापरला. त्यात जुनाट वेदनेच्या रुग्णांत व्यसनाचं सरासरी प्रमाण ८ ते १२ टक्के आहे. नव्या मसुद्यात त्यांनी 'व्यसनाचं प्रमाण ८ ते १२ टक्के असतं' असं लिहिलं होतं. त्यावरही मी क्वेरी घातली: 'सरासरी' शब्द परत हवा, आणि निरनिराळ्या अभ्यासांतले आकडे एकमेकांपासून बरेच दूर आहेत हेही त्याच वाक्यात यायला हवं. दोन्ही बदल त्यांनी केले. पोर्टर-जिकचं पत्र सूचीतून गेलं. दुसऱ्या संदर्भातला आधीचा आढावा लेख मात्र आणखी दोन विधानांखाली होता, म्हणून तीही मी तपासायला घेतली.