अर्धा बंद पडलेला मदरबोर्ड आणि वॉरंटीसाठी लिहिलेले पत्र

रत्नागिरीत माझे डीटीपी आणि छपाईचे छोटेसे काम आहे, आणि ते मी एकट्याच्या जिवावर चालवतो. ९ जानेवारी २०२४ रोजी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील एका दुकानातून मी नव्या संगणकाचे सुटे भाग घेतले. त्यातील मदरबोर्डची किंमत १०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११,८०० रुपये होती, व वॉरंटी ३ वर्षांची होती. साडेचार महिनेही झाले नव्हते, तोच २२ मे रोजी लग्नपत्रिकेची एक मोठी फाइल उघडताना पडदा निळा झाला आणि त्यावर MEMORY_MANAGEMENT ही अक्षरे उमटली. दोन दिवसांत असे पाच वेळा झाले. तिसऱ्या दिवशी पंखे फिरत होते, पण पडद्यावर काहीच येईना, आणि बोर्डवरचा मेमरीचा छोटा दिवा पेटून राहिला.

मी त्याच दिवशी दुकानात फोन केला. मेमरीची एक पट्टी काढून पाहा, असे दुकानदारांनी सुचवले. मी काढली, आणि संगणक सुरू झाला. “मग झालं की साहेब, डिस्प्ले येतोय ना, म्हणजे बोर्ड चालू आहे. रॅम गेली असेल,” असे म्हणून त्यांनी फोन ठेवला. या एका वाक्यामुळे मला पत्र लिहावे लागले. पूर्ण मेलेला बोर्ड बदलून घेणे त्या मानाने सोपे असते, कारण तो कोणाच्याही टेबलावर मेलेलाच दिसतो. अर्धा बंद पडलेला बोर्ड मात्र सर्व्हिस सेंटरमध्ये एकच पट्टी लावून तपासला, तर तो व्यवस्थित चालतो आणि ‘दोष आढळला नाही’ असा शेरा घेऊन परत येतो.

म्हणून पत्राआधी दोष नेमका कुठे आहे, हे मला स्वतःला पटवून घ्यावे लागले. माझ्याकडे ८ जीबीच्या दोन पट्ट्या होत्या. बोर्डवर चार खाचा असून दोन पट्ट्या ए-२ आणि बी-२ या खाचांत लावायच्या असतात, म्हणजे मेमरीला प्रोसेसरशी जोडणारे ए आणि बी हे दोन्ही मार्ग, म्हणजेच चॅनेल, वापरले जातात. पहिली पट्टी एकटी ए-२ मध्ये लावली, संगणक सुरू झाला आणि मेमरीची चाचणी रात्रभर एकही चूक न दाखवता चालली. दुसऱ्या पट्टीचेही तसेच झाले. मग दोन्ही पट्ट्या आळीपाळीने एकट्या बी-२ मध्ये आणि नंतर बी-१ मध्ये लावल्या, तेव्हा चारही वेळा पडदा काळाच राहिला. दोन्ही पट्ट्या निर्दोष होत्या. बी हा चॅनेलच गेला होता.

पण चॅनेल जाण्याचे कारण बोर्डच असते असे नाही. मेमरीचा नियंत्रक हल्ली प्रोसेसरच्या आत असतो, त्यामुळे प्रोसेसर बिघडला तरी हेच लक्षण दिसते. कूलरचे स्क्रू एका बाजूला जास्त आवळले गेले, तरी प्रोसेसर बोर्डवरील त्याच्या खोबणीत, म्हणजे सॉकेटवर, नीट टेकत नाही आणि एक चॅनेल गायब होतो. तिसरे कारण सर्वांत घातक, ते म्हणजे सॉकेटमधील एखादी पिन वाकलेली असणे. माझ्या बोर्डच्या सॉकेटमध्ये केसासारख्या बारीक १,७०० पिना आहेत, आणि एकही वाकलेली दिसली, तर कंपनी त्याला ग्राहकाने केलेली इजा मानून वॉरंटी नाकारते. मी कूलर काढून, पेस्ट पुसून, चारही स्क्रू कर्णरेषेने थोडे थोडे आवळत पुन्हा बसवला, पण फरक पडला नाही. मग गावातील संगणक दुरुस्त करणाऱ्या काकांकडे प्रोसेसर नेला. त्यांच्याकडील त्याच सॉकेटच्या बोर्डवर तो दोन्ही चॅनेलसह सुरळीत चालला. काकांनी आपल्या लेटरहेडवर तसे चार ओळींत लिहून सही-शिक्का दिला, आणि पैसे घेतले नाहीत.

पिनांचे फोटो त्यांच्याच दुकानात काढले. टॉर्च एका बाजूने तिरपा धरला की सरळ पिनांची टोके एका रेषेत चमकतात आणि वाकलेली पिन त्या रेषेत काळा खड्डा होऊन दिसते. असे चार बाजूंनी चार फोटो घेतले आणि लगेच सॉकेटवर त्याचे काळे प्लास्टिकचे झाकण बसवले. हे झाकण मी खोक्यात जपून ठेवले होते. बोर्ड त्याशिवाय परत दिला, तर वाटेत पिना वाकण्याची भीती असते आणि पुष्कळ ठिकाणी तो स्वीकारतच नाहीत. कोकणातल्या दमट हवेमुळे बोर्डवर हिरवट गंज चढला आहे, असेही कारण पुढे येऊ शकते, म्हणून मागच्या बाजूचेही फोटो घेतले.

आता उरला तो ओळखीचा प्रश्न. माझ्या बिलावर मॉडेल होते, पण अनुक्रमांक नव्हता. ‘हा बोर्ड आमच्याकडचाच कशावरून?’ असे कोणी विचारले असते, तर बिल एकटे पुरे पडले नसते. बोर्डवर दुकानाने चिकटवलेले महिना-वर्षाचे स्टिकर शाबूत होते, खोक्यावर अनुक्रमांक होता, आणि एक पट्टी लावून संगणक सुरू होत असल्यामुळे तोच अनुक्रमांक पडद्यावरही दाखवता आला. पॉवरशेलमध्ये ही ओळ दिली:

```
Get-CimInstance Win32_BaseBoard | Select-Object Product,SerialNumber
```

पडद्यावरील आणि खोक्यावरील अनुक्रमांक जुळले, त्या दोन्हींचा एकाच चौकटीत फोटो घेतला.

पत्राचा पहिला मसुदा मी रात्री रागाने लिहिला होता. त्यात लग्नसराईत बुडालेल्या कामाची २५,००० रुपये भरपाई मागितली होती आणि ‘फसवणूक’ हा शब्द तीनदा आला होता. सकाळी ते सर्व काढून टाकले. वॉरंटी कार्डावर अशा अप्रत्यक्ष नुकसानीची जबाबदारी नाही असे स्पष्ट छापलेले होते. तिच्यासाठी भांडायचेच, तर ते ग्राहक आयोगापुढे भांडावे लागते. शिवाय दुकानदार बोर्ड स्वतः बनवत नाहीत, आणि त्यांनी तो वितरकाकडे पाठवावा एवढीच माझी गरज होती. एका पत्रात एकच मागणी ठेवली, तर तिला हो किंवा नाही म्हणावेच लागते. दोन मागण्या असल्या, की उत्तर देणारा सोयीच्या मागणीवरच बोलत राहतो. २८ मे रोजी पाठवलेल्या पत्राचा मुख्य भाग असा होता:

“विषय: वॉरंटी कालावधीत नादुरुस्त झालेला मदरबोर्ड बदलून मिळण्याबाबत. महोदय, आपल्या दुकानातून दि. ९ जानेवारी २०२४ रोजी खरेदी केलेल्या मदरबोर्डचा (बिलाची व खोक्यावरील अनुक्रमांकाची प्रत सोबत जोडली आहे) मेमरीचा बी चॅनेल दि. २४ मे २०२४ पासून पूर्णपणे बंद आहे. ए-२ खाचेत एक पट्टी लावल्यास संगणक सुरू होतो, त्यामुळे केवळ एका पट्टीने केलेल्या तपासणीत हा दोष दिसणार नाही. तो पाहण्यासाठी कोणतीही चांगली पट्टी एकटी बी-२ खाचेत लावावी. पडद्यावर काहीही न येता मेमरीचा दिवा पेटून राहील. दोन्ही पट्ट्या व प्रोसेसर निर्दोष असल्याची खात्री केली असून त्याबाबतचा लेखी अभिप्राय सोबत आहे. सॉकेटच्या पिना सरळ असून छायाचित्रे जोडली आहेत. तरी सदर मदरबोर्ड स्वीकारून वॉरंटीनुसार बदलून द्यावा आणि तो कोणत्या दिवशी आणून द्यावा, हे पत्र मिळाल्यापासून ७ दिवसांत लेखी कळवावे, ही विनंती.”

दोष कसा पाहावा, हे सांगणारे वाक्य मी सर्वांत जपून लिहिले. पत्र दुकानदार वाचतील, पण बोर्ड तपासेल तो सर्व्हिस सेंटरमधला मुलगा, आणि त्याला दिवसाला कितीतरी बोर्ड पाहायचे असतात. म्हणून ते वाक्य एका वेगळ्या चिठ्ठीवर लिहून बोर्डच्या पिशवीवरही चिकटवले. पत्र पोचपावतीसह नोंदणीकृत टपालाने पाठवले आणि त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला.

३ जूनला फोन आला. “वॉरंटी कंपनीची असते साहेब, आमची नाही. तुम्ही थेट सर्व्हिस सेंटरला जा.” व्यवहारात त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते, कारण बोर्ड शेवटी तिथेच जातो. पण माझ्या हातातले बिल दुकानाचे होते, पैसे मी दुकानाला दिले होते, आणि बिलाच्या मागे कंपनीचा पत्ता सोडा, वॉरंटीबाबत एक अक्षरही नव्हते. दुसऱ्या दिवशी मी दुसरे पत्र लिहिले आणि पहिल्या पत्रात जाणूनबुजून वगळलेला कायदा त्यात घातला. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार विक्रेत्याविरुद्धही तक्रार करता येते, आणि ती मी राहतो त्या रत्नागिरी जिल्ह्याच्या आयोगात दाखल करता येते; मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत. एक पळवाट मात्र आधीच बुजवावी लागली. व्यापारी हेतूने वस्तू घेणारा या कायद्यात ग्राहक ठरत नाही, पण केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेणारा ठरतो. माझे बिल व्यवसायाच्या नावाने होते, म्हणून ‘मी एकटाच हे काम करतो व त्यावरच माझी उपजीविका चालते’ हे वाक्य पत्रात स्पष्ट लिहिले. शेवटी एवढेच नोंदवले की १० जूनपर्यंत उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन. ती वेळ आली नाही. १० तारखेला दुपारी फोन आला, “घेऊन या.”

१२ जूनच्या रात्री कोकणकन्येने निघालो आणि सकाळी दुकान उघडायच्या आधी जाऊन उभा राहिलो. बोर्ड अँटी-स्टॅटिक पिशवीत आणि मूळ खोक्यात होता. काउंटरवरच्या मुलाने पावती लिहिली: ‘मदरबोर्ड १, वॉरंटी.’ मी त्याला झाकण काढून, टॉर्चच्या उजेडात पिना पाहून, पावतीवर अनुक्रमांक आणि ‘सॉकेटच्या पिना सरळ, बोर्डवर जळाल्याची खूण नाही’ असे लिहून सही करायला सांगितले. तो मालकांकडे पाहू लागला. मालक जरा वैतागले, पण म्हणाले, “लिही बाबा, नाहीतर आणखी एक पत्र येईल.” ही ओळ नसती, तर पुढे कुठेही पिन वाकली असती, तरी ती माझ्याच माथी बसली असती.

१९ दिवसांनी, २ जुलैला, बोर्ड बदलून आल्याचे कळले आणि ६ तारखेला तो कुरियरने हाती आला. तो त्याच मॉडेलचा होता, पण नवा कोरा नव्हता. दुरुस्त करून तपासलेला असावा, असे त्याच्या साध्या पांढऱ्या खोक्यावरून दिसत होते. वॉरंटी कार्डाच्या बारीक अक्षरांत तशी मुभा होती, म्हणून त्यावर वाद घातला नाही. नवी ३ वर्षेही मिळत नाहीत. मुदत मूळ खरेदीपासूनच, म्हणजे जानेवारी २०२७ पर्यंतच चालते. मात्र या बोर्डचा अनुक्रमांक वेगळा होता आणि माझ्या जुन्या बिलाशी त्याचा काहीच संबंध लागत नव्हता. म्हणून जुन्या क्रमांकाच्या बदल्यात हा नवा क्रमांक दिला, अशी नोंद दुकानाच्या शिक्क्यासह मागितली. त्यासाठी आणखी दोन फोन करावे लागले, आणि तिसरे पत्र लिहायची तयारीही मी केली होती, तोवर नोंद आली.

बोर्ड बसवल्यावर सर्वांत आधी एक पट्टी एकटी बी-२ मध्ये लावली. संगणक सुरू झाला. मग दोन्ही पट्ट्या लावून मेमरीची चाचणी रात्रभर चालू ठेवली आणि सकाळी १६ जीबीवर शून्य चुका पाहिल्यावर त्या पडद्याचाही फोटो काढून बिलासोबत ठेवला.