आमची वाटचाल : चादरीची घडी आणि फोटोखालच्या चार ओळी

आजोबा तेलंगणातून सोलापुरात आले ते हातमागावर बसायला. वडिलांनी यंत्रमाग घेतले, नक्षी विणणारं जॅकार्ड बसवलं आणि शहराच्या पूर्व भागातल्या इतर कारखान्यांसारखा आमचाही माल गठ्ठ्यांनी व्यापाऱ्यांकडे जाऊ लागला. चादर कुणी पांघरली, कुठल्या गावात गेली, रंग आवडला की नाही, यातलं काहीच परत येत नसे. व्यापारी सांगायचा, "मरून पाठवा, निळा थांबवा," तेवढीच आमची बाजारपेठेची ओळख. काही दुकानांत तर आमचं लेबल उसवून दुसरं लावलं जायचं, हे आम्हाला माहीत होतं आणि बोलून उपयोग नव्हता.

मी कारखान्यात बसायला लागल्यावर थोडा माल थेट गिऱ्हाइकाला पार्सलने पाठवायला सुरुवात केली. इन्स्टाग्रामवर पान उघडलं. वहिनी फोन सांभाळतात, मी माल बघतो. आमचे स्वतःचे फोटो चांगले होते, पण ते पाहून लोक एकच विचारायचे, "खरी चादर अशीच दिसते का?" प्रश्न रास्त आहे. कारखान्यात दिवा लावून काढलेला फोटो आणि घरातल्या पलंगावरची चादर यात फरक पडतोच. यावर उपाय एकच, ज्यांनी चादर घेतली त्यांच्याच घरातले फोटो दाखवणं. म्हणजे फोटो मागावे लागणार, आणि फोटो मागायचे तर फोटो मागणारा मजकूर लिहावा लागणार. आमच्या धंद्यातला सगळ्यात लहान मजकूर तोच, पण त्याच्यावर वेळ सर्वांत जास्त गेला.

पहिला मजकूर एका जाहिरातवाल्याने लिहून दिला होता. "तुमचं प्रेम हीच आमची कमाई! तुमचे सुंदर क्षण आमच्यासोबत शेअर करा," आणि खाली हॅशटॅगची रांग, त्यात पहिला #सोलापुरीचादर. लोकांनी बदाम दाबले. फोटो जवळजवळ आलेच नाहीत. वहिनींनी एका ओळखीच्या बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "अहो, पण फोटो कशाचा काढू? माझा की चादरीचा?" सगळी अडचण या एका वाक्यात होती. "सुंदर क्षण" म्हटलं की माणूस विचार करत बसतो, आणि विचार करत बसलेला माणूस फोटो काढत नाही.

म्हणून नेमकं एकच काम सांगायचं ठरवलं. आमच्या जॅकार्ड चादरीच्या दोन्ही बाजूंना नक्षी असते, फक्त रंग उलटे होतात. वर मरून रंगावर पांढरी वेल असेल, तर खाली पांढऱ्यावर मरून. विकत घेणाऱ्याला नेमकं हेच बघायचं असतं, आणि दुकानातल्या घडीत ते दिसत नाही. तेव्हा मागणी अशी ठेवली: चादर अंथरा, एक कोपरा उलटा करा, फोटो काढा. घर दाखवायला नको, स्वतः फोटोत यायला नको, पसारा आवरायला नको. एवढं सोपं केल्यावर फोटो सुरू झाले.

आता हॅशटॅग. #सोलापुरीचादर आम्ही पहिल्याच बैठकीत बाजूला काढला. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, ते नाव गावातल्या सगळ्या उत्पादकांचं. त्या नावाखाली सगळ्यांचा माल येतो, शिवाय बाहेर विणून सोलापुरी म्हणून विकलेलाही. त्यात आमच्या गिऱ्हाइकाचा फोटो शोधणं म्हणजे सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत पोर शोधणं. दुसरं कारण शुद्धलेखनाचं. गावाचं नाव सोलापूर, पू दीर्घ. विशेषण सोलापुरी, पु ऱ्हस्व. निम्मे लोक "सोलापूरी" लिहितात आणि फोनला तो संपूर्ण वेगळा हॅशटॅग वाटतो. चादर की चद्दर, हा घोळ वर आहेच.

आईने सुचवलं, "घडी मोडली म्हणा की." नवं कापड पहिल्यांदा वापरायला काढलं की आपण तेच म्हणतो, आणि आम्हाला फोटोही त्याच वेळचा हवा होता. #घडीमोडली. जोडाक्षर नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ फारसा नाही. छापण्याआधी तो हॅशटॅग शोधून आधीपासून तिथे दुसऱ्याचं काही आहे का, हे पाहिलं. ही पायरी कुणी गाळू नये, कारण एकदा छापलेली हजारभर कार्डं परत घेता येत नाहीत. मराठी कळफलक नसणाऱ्यांसाठी #ghadimodli हा एकच रोमन पर्याय ठरवला. तो आपण सांगितला नाही तर लोक त्याचे पाच प्रकार करतात.

शेवटी मजकूर असा झाला:

"घडी मोडली? चादर अंथरा, एक कोपरा उलटा करा, फोटो काढा आणि #घडीमोडली लिहून टाका. (दोन शब्दांत जागा सोडू नका. #ghadimodli लिहिलंत तरी चालेल.) आम्हाला टॅगही करा, म्हणजे फोटो चुकणार नाही. खातं खासगी असेल तर फोटो मेसेजमध्ये पाठवा. आमच्या पानावर घेण्याआधी तुम्हाला विचारू. नाव टाकायचं की नाही, ते तुम्ही सांगा. फोटो खिडकीजवळ, दिवसा काढा. ट्यूबलाइटमध्ये मरून रंग वेगळाच येतो."

काम आणि हॅशटॅग पहिल्या दोन वाक्यांतच आहेत, कारण इन्स्टाग्रामवर मजकुराच्या पहिल्या एकदोन ओळीच दिसतात, बाकीचं बोटाने उघडावं लागतं आणि बहुतेक जण उघडत नाहीत. "आमचा प्रवास १९..." अशी सुरुवात केली असती तर हॅशटॅग कुणाला दिसलाच नसता. दुसरी गोष्ट, हॅशटॅग फक्त चित्रात सजवून लिहून उपयोग नाही. चित्रावर बोट ठेवून तो उघडत नाही. तो मजकुरात हवाच, आणि आम्ही तो पार्सलमधल्या कार्डावरही छापला. माणूस चादर उघडतो तेव्हा हातात फोन असेलच असं नाही, पण कार्ड असतं.

जागा सोडू नका, हे कंसात का, त्याचं उदाहरण नाशिकच्या एका काकूंचं. त्यांनी झोपाळ्यावर चादर टाकून झकास फोटो काढला आणि लिहिलं "#घडी मोडली". फोनने "#घडी" एवढाच हॅशटॅग धरला, "मोडली" नुसता शब्द राहिला. आमच्या यादीत फोटो आलाच नाही. त्यांनी आम्हाला टॅग केलं होतं म्हणून वहिनींना सूचना आली. आम्हाला वाटलं, खाली आपणच बरोबर हॅशटॅग लिहू. तसं होत नाही. दुसऱ्याच्या फोटोखाली आपण लिहिलेला हॅशटॅग मोजला जात नाही, बदल ज्याने फोटो टाकला त्यालाच करावा लागतो. काकूंना मेसेज केला, त्यांनी दुरुस्त केलं. तेव्हापासून हॅशटॅग आणि टॅग दोन्ही मागतो. खासगी खात्याचंही तसंच: हॅशटॅग अचूक असला तरी तो फोटो बाहेरच्यांना दिसत नाही, आणि टाकणाऱ्याला वाटतं की आम्ही दुर्लक्ष केलं. स्टोरी तर चोवीस तासांत जाते, म्हणून ती दिसली की त्याच दिवशी विचारून घ्यायचं.

त्याच फोटोत आणखी एक गोष्ट होती. झोपाळ्यावर काकूंचा नातू झोपलेला, चेहरा स्पष्ट. हॅशटॅग लावला म्हणजे फोटो वापरायची मुभा दिली, असं नसतं. फोटोवरचा हक्क काढणाऱ्याचा असतो, आपण आपल्या पानावर किंवा जाहिरातीत घ्यायचा तर त्याची लेखी हो हवी. आमची पद्धत साधी आहे. मेसेजमध्ये विचारतो: "काकू, हा फोटो आमच्या इन्स्टाग्राम पानावर टाकू का? तुमचं नाव लिहू का?" उत्तराचा स्क्रीनशॉट महिन्याच्या फोल्डरमध्ये ठेवतो. छापील पत्रकात घ्यायचा असेल तर ते वेगळं विचारतो, कारण पानासाठी दिलेली हो पत्रकाला लागू होत नाही. काकू लगेच हो म्हणाल्या. पण लेकराच्या आईलाही विचारा, असं आम्हीच सुचवलं. सूनबाईंचं म्हणणं पडलं, मुलगा नको. मग त्यांच्या परवानगीनेच फोटो कापून फक्त झोपाळ्याची कड आणि उलटा कोपरा ठेवला. मेंदी रंगाच्या चादरीचा तो कोपरा पाहूनच पुढे बऱ्याच जणांनी तो रंग मागितला. आमच्या मते तो रंग बंद करायच्या लायकीचा होता.

बक्षिसाचा विषय भावाने लावून धरला होता. फोटो टाका, दहा टक्के सूट मिळवा. मी नको म्हणालो, आणि अजूनही नको म्हणतो. सूट दिली की तो फोटो जाहिरात ठरतो. जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेच्या, म्हणजे एएससीआयच्या, नियमांप्रमाणे सूट किंवा भेट घेऊन टाकलेल्या पोस्टवर तसं स्पष्ट लिहावं लागतं. काकूंना "वर जाहिरात असं लिहा" म्हणून कोण सांगणार? सोडत काढली तर इन्स्टाग्रामचे वेगळे नियम आहेत, सोडतीशी इन्स्टाग्रामचा संबंध नाही हे लिहावं लागतं. आणि मुख्य म्हणजे सवलतीसाठी काढलेला फोटो ओळखू येतो: चादर अजून पिशवीत असते.

फोटो कमी येतात, हे खरंच. पण येतात ते कामाचे. एकदा उलटाही आला. एका गिऱ्हाइकाने #घडीमोडली लावून टॉवेलवर उतरलेल्या रंगाचा फोटो टाकला, वर लिहिलं, "घडी मोडली आणि रंगही." भाऊ म्हणाला, टॅग काढून टाका. आपल्या नावावरचा टॅग काढता येतो, पण हॅशटॅगवर आपली मालकी नाही, फोटो तिथेच राहतो आणि टॅग काढल्याचंही लोक बोलतात. आम्ही त्यांच्याच फोटोखाली विचारलं, कशासोबत धुतलं. कळलं की गरम पाण्यात, पांढऱ्या कपड्यांबरोबर, पहिल्याच दिवशी. टॉवेल बदलून दिला, त्याचा फोटोही त्यांनीच टाकला. शिवाय त्या खेपेच्या सुताचा रंग आम्ही तपासून घेतला, कारण गरम पाण्याचं निमित्त प्रत्येक वेळी पुरत नाही. कार्डावर आता हॅशटॅगच्या वर एक ओळ वाढली आहे: "पहिली धुलाई गार पाण्यात, वेगळी."

वहिनी दर सोमवारी हॅशटॅग, टॅग आणि मेसेज तिन्ही जागा उघडून बघतात आणि वहीत रंग व गाव लिहून घेतात. चुकलेल्या लेखनाचे हॅशटॅगही शोधतात, कारण काही फोटो अजूनही "#घडी"खालीच सापडतात. मेंदी रंगाचे जॅकार्ड माग सध्या पुन्हा चालू आहेत. जानेवारीत गड्डा भरेल, बाहेरगावची माणसं येतील, म्हणून कार्डांची पुढची छपाई त्याआधी उरकायची आहे. भावाचं म्हणणं, या वेळी हॅशटॅग मोठ्या अक्षरात असावा. आईचं म्हणणं, धुलाईची ओळ मोठी असावी. छापखान्याला अजून दोघांपैकी कुणाचंही कळवलेलं नाही.