जिन्यातला श्लोक अरबीत नेताना

पुण्यात शिकायला येणाऱ्या अरब विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिका, जन्मदाखले आणि भाडेकरार यांची भाषांतरे करणे हा माझा रोजचा व्यवसाय आहे. त्यामुळे बसऱ्याच्या एका विद्यार्थ्याने शिक्षण संपवून परत जाण्याच्या आठवडाभर आधी व्हॉट्सॲपवर एक छायाचित्र पाठवून “ताई, याचे अरबी पाहिजे” असे लिहिले, तेव्हा आणखी एखादा दाखला असेल असेच मला वाटले. छायाचित्र मात्र जिन्याच्या भिंतीचे होते. तो पाच वर्षे ज्या वाड्यात राहिला, तिथल्या घरमालकीण काकूंनी रंगाऱ्याकडून पहिल्या मजल्याच्या वळणावर गेरूने एक संस्कृत श्लोक लिहून घेतला होता. हे छायाचित्र मोठे करून, चौकटीत बसवून त्याला वडिलांना भेट द्यायचे होते आणि खाली पांढऱ्या पट्टीवर अरबी मजकूर हवा होता. उच्चार लिहू, अर्थ लिहू की दोन्ही, असे मी विचारले. “जे बरोबर असेल ते,” असे उत्तर आले.

पहिले काम अर्थातच भिंत वाचण्याचे होते. छायाचित्र खालच्या पायरीवरून तिरके काढलेले होते आणि तिसऱ्या ओळीच्या शेवटावरून पाण्याचा पाइप गेला होता. दिसत होते ते असे: “अयं निजः परोवेति, गणना लघुचेतसां, उदारचरितानां, वसुधैव कुटुंबकम.” सुभाषित ओळखीचे असले की आपण ते वाचत नाही, आठवतो, आणि फसतो ते तिथेच. म्हणून मी अक्षरे मोजली. हा अनुष्टुभ आहे, म्हणजे प्रत्येक चरणात आठ अक्षरे हवीत. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या चरणात ती आठ भरतात, पण “उदारचरितानां” येथे सातच होतात. पाइपमागे एक अक्षर दडले आहे हे मोजणीने सांगितले आणि ते “तु” आहे हे वरून काढलेल्या दुसऱ्या छायाचित्राने. एका अक्षराचे एवढे काय, असे वाटेल. परंतु त्या “तु”वर, म्हणजे “मात्र”वर, श्लोकाचा दुसरा अर्धा भाग उभा आहे.

याच श्लोकाचा दुसरा पाठ महोपनिषदात आहे. तिथे पहिला चरण “अयं बन्धुरयं नेति” असा येतो. काकूंच्या भिंतीवरचा पाठ पंचतंत्र आणि हितोपदेशातला आहे. भाषांतर भिंतीचे करायचे होते, त्यामुळे भिंतीवरचाच पाठ घेतला. रंगाऱ्याने गाळलेले हलन्त आणि जोडून टाकलेले “परो वेति” एवढेच मनात दुरुस्त करून घेतले.

मग मी आधी पूर्ण श्लोकाचा उच्चार अरबी अक्षरांत लिहून पाहिला, कारण ते सोपे वाटत होते. प्रमाण अरबीत प, ग, च, व आणि ट यांपैकी एकाही ध्वनीला स्वतःचे अक्षर नाही. महाप्राण नाहीत, ण नाही, दीर्घ ए आणि ओ नाहीत. “व”साठी “फ”वर तीन टिंबे देऊन केलेले अक्षर हल्ली बहुतेक अरबांना कळते. पण “ग”साठी इराकी माणूस फारसीचे “गाफ” सहज वापरतो, इजिप्तचा माणूस “जीम”लाच ग म्हणतो आणि वर्तमानपत्रे “गांधी” लिहिताना “ग़ैन” वापरतात. याचा परिणाम असा, की “निजः”मधला ज मी जीमने लिहिला तर बसऱ्यात तो ज राहील, आणि तेच कैरोतल्या कोणी वाचले तर “निगः” होईल. उच्चार लिहिताना अरबी ही एक भाषा धरून चालत नाही. वाचणारा कुठला, हे आधी ठरवावे लागते. आमचा वाचणारा बसऱ्याचा होता, म्हणून हा प्रश्न तेवढ्यापुरता सुटला.

स्वरांचा प्रश्न मात्र सुटला नाही. अरबीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. वाचणारा शब्द ओळखतो आणि स्वर स्वतः भरतो. अनोळखी शब्दाला तो ओळखीच्या शब्दांचे स्वर भरतो. मी पहिल्यांदा स्वरचिन्हांशिवाय मजकूर पाठवला आणि त्याच्या बहिणीला, जिने श्लोक कधी ऐकला नव्हता, तो मोठ्याने वाचायला सांग म्हटले. “कुटुम्बकम्” तिने “कतम बिकुम” असे वाचले. अरबीत “कतम” म्हणजे लपवले आणि “बिकुम” म्हणजे तुमच्यामुळे किंवा तुमच्यासह. बिचारीने क-त-म-ब-क-म या सहा व्यंजनांतून दोन अस्सल अरबी शब्द शोधून काढले होते. तिची चूक काहीच नव्हती. अकराव्या शतकात, साधारण 1030 च्या सुमारास, अल-बेरूनीने भारतावरच्या ग्रंथात हीच तक्रार केली आहे: लोकांच्या तोंडून शब्द ऐकून, काळजीपूर्वक लिहून घेतला आणि त्यांनाच पुन्हा म्हणून दाखवला, तर त्यांना तो ओळखणे फार कठीण जाई. बहिणीचा ध्वनिसंदेश ऐकल्यावर मला त्या गृहस्थाविषयी फारच जवळीक वाटली.

स्वरचिन्हे घातल्यावर वाचन सुधारले. विसर्गासाठी लिहिलेला शेवटचा “ह” तिने आधी गिळला होता, कारण शब्दाच्या शेवटी तसे दिसणारे अक्षर बोलताना बहुधा “अ”सारखे विरते; त्यावर सुकून, म्हणजे स्वर नसल्याची खूण, दिल्यावर तो ऐकू येऊ लागला. परंतु बत्तीस अक्षरांवर वरखाली चिन्हे बसवली की पट्टीवरचा मजकूर मुंग्यांच्या रांगेसारखा दिसतो. पट्टी दोन इंच उंचीची होती आणि त्यातच अर्थही बसवायचा होता.

अर्थाकडे वळल्यावर कामाला रंग आला. पहिला मोह होता तो अरबीत प्रचलित असलेल्या घोषणेचा: “अल-आलम उस्रा वाहिदा”, म्हणजे जग हे एक कुटुंब. ती सुटसुटीत आहे, पण ती श्लोकाचा चौथा चरण तेवढा सांगते. श्लोक जग एक कुटुंब आहे असे सरसकट म्हणत नाही; हा आपला की परका ही मोजदाद कोत्या मनाची माणसे करतात, थोर वृत्तीच्या माणसांना मात्र पृथ्वीच कुटुंब असते, असे म्हणतो. टोमणा गाळला की सुभाषिताचे फलक होते.

“गणना”साठी शब्द शोधावा लागला नाही. आपला “हिशेब” ज्या “हिसाब”वरून आला, तोच तिथे बसला, आणि “लघुचेतस्”साठी “सिग़ार-उन-नुफूस”, म्हणजे लहान जिवाची माणसे, हा अरबीतलाच प्रयोग मिळाला. “उदारचरित” येथे मराठीच आडवी आली. आपल्या कानाला उदार म्हणजे सढळ हाताचा, त्यामुळे मी “सख़ी” लिहून बसले होते. तो पैसे देणारा उदार आहे. संस्कृतात “उदार”मध्ये थोर, उन्नत हा अर्थ आहे, आणि अरबी “करीम”मध्ये थोरपणा आणि दातृत्व दोन्ही आहेत. “चरित”साठी “सीरा” हा शब्द वर्तन आणि चरित्र दोन्ही अर्थांनी जुळतो, पण तो ऐकताच मुस्लिम वाचकाला प्रेषितांचे चरित्र आठवते. म्हणून “ख़ुलुक”, म्हणजे शील, घेतले. पाइपमागच्या “तु”साठी अरबीत “अम्मा… फ” ही रचना तयारच आहे: “अम्मा” म्हणजे राहिले अमुक, आणि पुढे “फ”ने त्यांच्याविषयीचे विधान सुरू होते. “तु” न सापडता, तर ही रचना मला सुचली नसती.

अडलो आम्ही “कुटुम्बकम्”वर. मी “उस्रा” लिहिले होते. त्याला ते सरकारी अर्जातल्यासारखे वाटले आणि त्याने “अह्ल” सुचवले. मला तो शब्द फार आवडला. जुन्या मराठीत “आमचे कुटुंब” म्हणजे बायको, आणि अरबीतही माणूस अदबीने बायकोला “अह्ल” म्हणतो. पण “पृथ्वी त्यांची अह्ल” हे त्याला पटेना, कारण अह्ल ही माणसे असतात, जमीन नव्हे. त्याने “अह्ल-उल-अर्द”, पृथ्वीवरचे लोक, असे केले. मूळ श्लोकात वसुधाच कुटुंब आहे, त्यावर राहणारे नव्हेत, असा वाद मी दोन दिवस घातला. शेवटी त्याचे वाक्य वाचताना “अह्ल” दोनदा येतो आणि कानाला गोड लागतो, हे मलाच मान्य करावे लागले. “एव”चा जोर “कुल्लुहुम”, म्हणजे सगळेच्या सगळे, या शब्दावर गेला.

मग उच्चार हवाच कशाला, असे मी विचारले. त्यावर तो म्हणाला, की काकू रोज जिना उतरताना ही ओळ म्हणतात, आणि वडिलांना अर्थ कळला तरी काकू कशा म्हणतात ते कळणार नाही. तेव्हा ठरले: अर्थ पूर्ण श्लोकाचा, उच्चार फक्त शेवटच्या आठ अक्षरांचा. मंत्र असता तर मी उच्चार आधी घेतला असता, दुकानाची पाटी असती तर उच्चार घेतलाच नसता. हे सुभाषित होते, त्याचा जीव अर्थात आहे. पट्टीवर असे गेले:

```
أهذا منّا أم غريب؟ ذاك حسابُ صغارِ النفوس،
أمّا كرامُ الخُلُقِ فأهلُ الأرضِ كلُّهم أهلُهم.
ڤَسُدَيْڤَ كُتُمْبَكَمْ
```

उगमाचा उल्लेख पट्टीवर नको, असे मी सुचवले. हितोपदेशात हा श्लोक हरणाशी कपटाने मैत्री जोडणाऱ्या कोल्ह्याच्या तोंडी आहे. पंचतंत्राचा उल्लेख मात्र त्याला तोंडी सांगितला, कारण पंचतंत्राचे अरबी रूप असलेले ‘कलीला व दिम्ना’ त्याने शाळेत वाचले होते. ते करटक आणि दमनक होत, पहलवीतून अरबीत जाताना नावे अशी झाली, हे ऐकून तो बराच वेळ हसत होता. आमचा “वसुदैव” त्या मानाने बराच शाबूत राहिला म्हणायचा.

छपाईत एक घोळ झालाच. छापणाऱ्याने माझा मजकूर जुन्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवला आणि नमुना आला तो सुटी अक्षरे डावीकडून उजवीकडे मांडलेला. अरबी न येणाऱ्यालाही हे ओळखता येते: अक्षरे एकमेकांना जोडलेली नसतील आणि प्रश्नचिन्ह पहिल्या ओळीच्या डाव्या अर्ध्या भागात गेले असेल, तर मजकूर उलटला आहे, बरोबर मांडणीत ते ओळीच्या उजव्या अर्ध्या भागात येते. मी टंक अंतर्भूत केलेली पीडीएफ करून पाठवली, तेव्हा ते जमले.

महिन्याभराने बसऱ्याहून वडिलांच्या आवाजातला संदेश आला. त्यांनी दोन्ही ओळी सावकाश वाचल्या आणि मग “वसुदैव कुतुम्बकम्” म्हटले. मी तो काकूंना जिन्यात ऐकवला. त्यांनी डोळे मिटून ऐकले आणि म्हणाल्या, “छान म्हणतात हो. फक्त ‘ट’ तेवढा नीट म्हणायला सांग त्यांना.”