आमची वाटचाल: २०१३ ची बी

वेंगुर्ल्यात आमचा काजू कारखाना दोन हातकटर आणि एका बोरम्यावर उभा राहिला. तो बोरमा अजून चालू आहे. त्यात वाळलेल्या गराची साल जशी सुटते तशी नव्या मशीनमध्ये सुटत नाही, हे माझं ठाम मत. पावसाळ्यात आपली बी संपली की कारखाना आफ्रिकेच्या बीवर चालतो. ती डॉलरमध्ये घ्यावी लागते, आणि २०१३ साली तिनंच आम्हाला बुडवायला आणलं.

मे महिन्यात बेनिनची शंभर टन बी टनाला ९०० डॉलरनं घेतली. डॉलर तेव्हा ५५ च्या आसपास होता. एलसी, म्हणजे पैसे देण्याची बँकेची हमी, नव्वद दिवसांची होती; पैसे ऑगस्टअखेर द्यायचे. मी त्याच आठवड्यात बँकेत फॉरवर्ड मागितला, म्हणजे पुढे लागणाऱ्या डॉलरचा भाव आजच बांधून घ्यायचा करार. तीन महिन्यांपुढचा भाव साधारण ५५.८५ पडत होता. वरचे पंच्याऐंशी पैसे प्रीमियमचे. रुपयाचं व्याज डॉलरपेक्षा जास्त, म्हणून तो लागतो. त्या भावानं बी बंदरात किलोला ५०.२७ ला पडली असती आणि पुढचा सगळा हिशेब पक्का झाला असता. पण फॉरवर्डला बँकेकडून वेगळी लिमिट मंजूर व्हावी लागते, आणि आमची फाइल वरच्या ऑफिसात पडून राहिली. वर ऐकवलं काय, तर "रुपया परत येईल."

ऑगस्टअखेर मला डॉलर ६६ ला घ्यावा लागला. बी ५९.४० ला पडली. चार किलो बीत एक किलो गर धरा, म्हणजे गरामागे ३६ रुपये गेले. दिवाळीच्या ऑर्डरी रुपयात आधीच ठरलेल्या. इथल्याच एका कारखानदाराकडे लिमिट होती, त्यानं मेमध्येच बुकिंग केलं होतं. तो दोनशेचाळीस नंबरचा गर माझ्या खर्चाखाली विकत राहिला, आणि आम्ही बंद पडतोय असं व्यापाऱ्यांना सांगत फिरला. ते मी विसरलेलो नाही.

रत्नागिरीचे एक मिठाईवाले काका तेवढे उभे राहिले. म्हणाले, "जुन्या भावात निम्माच दे, बाकीचा आजच्या भावानं घेतो." पैसेही आगाऊ दिले. बायांची मजुरी त्यातून निघाली.

नवीन आयात करणाऱ्यांना सांगतो: लिमिट सीझनच्या आधी मंजूर करून ठेवा, आणि करारावर सही झाली की लगेच बुक करा. एलसीची मुदत बिल ऑफ लेडिंगपासून, म्हणजे माल बोटीत चढल्याच्या पावतीच्या तारखेपासून मोजतात आणि बोट हमखास उशिरा भरते. म्हणून एका तारखेचा फॉरवर्ड न घेता महिनाभराची मुदत असलेला घ्या. बँक त्यात शेवटच्या दिवसाचा प्रीमियम लावते; लावू दे. शंभरऐवजी ऐंशी टनच आले, तर उरलेल्या डॉलरचं बुकिंग रद्द करावं लागतं, आणि तोवर डॉलर उतरला असेल तर फरक तुमच्या खिशातून जातो. त्यामुळे पुरवठादार कच्चा वाटला तर सुरुवातीला पाऊण मालाचंच बुकिंग करा.

आणि घाबरून बुक करू नका. त्या ऑगस्टअखेर काहींनी पुढच्या मालासाठी ६७ च्या वर फॉरवर्ड घेतले. ऑक्टोबरात डॉलर ६२ च्या खाली होता, आणि त्यांची महाग बी गोदामात पडून राहिली.