तुम्ही विचारलंत म्हणून: रॉयल्टीचे वरचे पैसे जातात कुठे

"तिसऱ्या वर्षी पुस्तक जोरात खपलं ना? मग आम्हाला तेवढेच 24,000 का?"

खपलंच, नाही कोण म्हणतंय. पण हिशोब एका वर्षाचा नसतो हो! एका पुस्तकाचा आख्खा हिशोबच मांडतो. प्रतीमागे लेखकाला 20 रुपये रॉयल्टी, आणि विक्री कितीही कमी झाली तरी आम्ही प्रकाशकाने वर्षाला निदान 24,000 द्यायचेच, ही करारातली मिनिमम रेंट. पहिल्या वर्षी 700 प्रती गेल्या, रॉयल्टी झाली 14,000, दिले 24,000. वरचे 10,000 म्हणजे शॉर्टवर्किंग्ज. दुसऱ्या वर्षी 1,000 प्रती, म्हणजे 20,000, पुन्हा वरचे 4,000. खर्चात जाते ती फक्त खरी रॉयल्टी, वरचे 14,000 ताळेबंदात येणं म्हणून पुढे ओढायचे, आणि विक्री वाढेल तेव्हा वळते करून घ्यायचे.

तिसऱ्या वर्षी 1,500 प्रती गेल्या, रॉयल्टी 30,000. किमानच्या वरचे 6,000 मी वळते केले. पुस्तकाचे लेखक, आमचे सर, स्टेटमेंट घेऊन थेट ऑफिसात आले, बाइंडर गठ्ठे उतरवत होता त्याच्यासमोर म्हणाले, "1,500 गुणिले 20 मलाही येतं, माझे 6,000 खाल्लेत तुम्ही." मला फार लागलं ते, कारण आधीची दोन्ही वर्षं मी पदरचे घालून त्यांना वेळेवर चेक दिले होते. व्हाउचर काढून दाखवले, करारातलं कलमही दाखवलं. सरांनी नीट वाचलं आणि म्हणाले, "पण तेव्हा हे परत घेणार असं तोंडाने बोलला नव्हतात." सही त्यांचीच आहे, तरी ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही.

आणि जे कोणी विचारत नाही ते असं, की आमच्या करारात प्रत्येक वर्षाची तूट पुढच्या दोनच वर्षांत वळती करता येते. जुनी आधी, म्हणून ते 6,000 पहिल्या वर्षाच्या 10,000 मधून वजा झाले, उरलेले 4,000 तिसऱ्या वर्षाअखेर बुडाले, नफा-तोट्याला टाकले. चौथ्या वर्षी 1,600 प्रती, रॉयल्टी 32,000, म्हणजे वर 8,000 होते, पण घेता आले दुसऱ्या वर्षाचेच 4,000, सरांना 28,000 गेले. बुडालेल्याला हात लावता येत नाही, जागा असली तरी.

पूर्वी मी म्हणायचो मुदतच नको, करार असेपर्यंत वळतं करत राहावं. पण मग हळू खपणाऱ्या पुस्तकाच्या लेखकाला किमानच्या वर कधी दिसणारच नाही, हेही खरं. आणि छोट्या प्रकाशकाला असे 4,000 दर पुस्तकामागे सोसत नाहीत, हेही खरंच. स्टेटमेंटवर आता मी शिल्लक शॉर्टवर्किंग्ज आणि त्यांची मुदत असे दोन रकाने छापतो, पैसे मागायच्या आधी ते बघा. नव्या कादंबरीच्या करारात मी तीन वर्षं मागतोय, लेखिका एकाच वर्षावर अडून आहेत, सही अजून व्हायचीय.