पंधराव्या वाढदिवसाला नान्नजच्या माळावर

पंधरा वर्षांच्या मुलाला "वाढदिवसाला काय हवंय?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं : "काही नको." ते खरं मानून गप्प बसलं तर दिवस सुना जातो, आणि खोटं मानून हॉल घेतला, फुगे लावले, चौकात फलक झळकवला, तर मूल खोलीचं दार लावून घेतं. त्याला वाढदिवस नको असतो असं नाही. बारा जण वर्तुळ करून टाळ्या वाजवत आपल्याकडे बघताहेत आणि आपण हात कुठे ठेवायचे ते कळत नाही, हे त्याला नको असतं. म्हणून जागा अशी हवी की जिथे सगळ्यांनी दुसरीकडेच बघायचं असतं आणि मोठ्याने बोलायची मनाई असते. सोलापूरकरांना अशी जागा तासाभराच्या आत मिळते : बार्शी रस्त्यावरचं नान्नजचं अभयारण्य.

विचारताना मात्र मोकळा प्रश्न टाकू नये, दोन पर्याय ठेवावेत. "रविवारी नान्नजला काळवीट बघायला जायचं की हत्तरसंग कुडलला?" कुडलला भीमा-सीनेचा संगम आहे आणि शके 940 म्हणजे इ.स. 1018 चा मराठी शिलालेख आहे. इतिहासाचं वेड असलेलं मूल तिकडे झुकेल. वाढदिवस हा शब्दही काढू नका. रविवार म्हणा. दोनातलं एक निवडलं की बेत त्याचा होतो, मग पहाटे उठवायलाही त्रास पडत नाही.

माणसं चार, गाडी एक. आई किंवा बाबा यांतलं एकच, एखादा मामा किंवा आत्या, मूल आणि त्याने स्वतः निवडलेला एक मित्र किंवा मैत्रीण. मित्र लागतोच, कारण त्याच्यामुळे मोठ्यांची नजर मुलावर खिळून राहत नाही. दुसरी गाडी काढू नये. दोन गाड्या झाल्या की फोनाफोनी सुरू होते, "तुम्ही कुठं आलात?" आणि तोवर कळप निघून गेलेला असतो. आजीला औक्षण करायचंच असतं, आणि तिचा तो हक्क आहे. ते निघण्याआधी देवघरापाशी करावं : निरांजन, सुपारी, कपाळाला कुंकू, हातावर साखर, दोन मिनिटं. त्या वेळी कुणीही फोन बाहेर काढू नये. मुलाला ओवाळणीची लाज वाटत नाही, तिच्या व्हिडिओची वाटते.

भेटवस्तूचं आम्ही असं करतो : दुर्बीण आठवडाभर आधी घरात आणायची, रंगीत कागदाशिवाय, "रविवारी लागेल, जरा लावून बघ" एवढंच म्हणून. ती वापरता वापरता त्याचीच होते. घ्यायची ती 8×42. यातला आठ म्हणजे वस्तू आठ पट जवळ दिसते आणि 42 म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुकानात वीस पटीच्या दुर्बिणी ठसठशीत दिसतात, पण हाताची थरथरही तितक्याच पटीने वाढते आणि काळवीट नाचत असल्यासारखा दिसतो. शिवाय पहाटेच्या मंद उजेडात मोठं भिंग उपयोगी पडतं. खिशात मावणाऱ्या छोट्या दुर्बिणीतून त्या वेळी सगळं करडं दिसतं.

दुर्बीण गच्चीवर लावून घ्यावी, माळावर नव्हे. मधली बिजागरी उघडझाप करत दोन वर्तुळांचं एक वर्तुळ करायचं. चष्मा असेल तर डोळ्याकडची रबरी कडी आत, नसेल तर बाहेर. मग लांबची एखादी पाटी धरायची, उजवा डोळा मिटायचा आणि मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला अक्षरं स्पष्ट करायची. आता डावा मिटून, चाकाला हात न लावता, उजव्या भिंगाजवळची कडी फिरवून तीच अक्षरं स्पष्ट करायची. ही कडी कुठल्या खुणेवर आली ते लक्षात ठेवावं, कारण दुर्बीण दुसऱ्याच्या हातात गेली की ती हलते. "मला धुरकट दिसतंय" म्हणणाऱ्या बहुतेकांची हीच कडी चुकलेली असते. दुसरी अडचण म्हणजे प्राणी सापडतच नाही. तेव्हा दुर्बिणीतून शोधत बसू नये. उघड्या डोळ्यांनी प्राणी पकडायचा, नजर तिथेच ठेवायची आणि दुर्बीण डोळ्यांपाशी आणायची.

आता डिसेंबरातला एक रविवार धरू. सूर्य सातच्या थोडा आधी उगवतो, म्हणून पावणेसहाला घर सोडावं. नान्नज वीस-बावीस किलोमीटर. सव्वासहा-साडेसहाला पोचून, फटफटल्यावर पहिला कळप शोधायला वेळ मिळतो. अंगात मातकट किंवा करडे कपडे. वाढदिवसाचा नवा पांढरा शर्ट इथे दुरून झळकतो, तो घरीच राहू द्या. अभयारण्यात शिरायला वन विभागाची परवानगी लागते; ती आदल्या दिवशीच विचारून ठेवावी आणि वनरक्षक सांगेल त्याच वाटेने जावं. परवानगी जमली नाही तरी दिवस फुकट जात नाही, कारण काळविटांना कुंपणाचं सोयरसुतक नसतं. नान्नज, मार्डी, कारंबा या गावांभोवतीच्या रस्त्यांवरूनही ते दिसतात.

कुठे बघायचं हे पिकावर ठरतं. डिसेंबरात ज्वारी कमरेवर गेलेली असते आणि कळप तिच्यात बुडून जातो. हरभऱ्याचं रान, पडीक माळ आणि नुकती मोडलेली शेतं चाळावीत. सकाळी सूर्य पाठीशी हवा, म्हणून जाताना डाव्या हाताकडे, पश्चिमेला बघत जावं. उजवीकडे समोर ऊन येतं, सगळं काळं दिसतं आणि दुर्बिणीतून चुकून सूर्याकडे बघितलं तर डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. हे मुलांना एकदा स्पष्ट सांगावं. शेतात उतरू नये. या पिकावर आधीच काळविटांचं चरणं असतं, त्यात आपली पावलं कशाला?

कळप दिसला की थांबण्याची पद्धत असते. गाडी हळू होत असतानाच काचा खाली करायच्या, थांबल्यावर नव्हे. इंजिन बंद, कारण त्याचा हादरा दुर्बिणीत उतरतो. दार उघडायचं नाही. प्राणी उभ्या गाडीची पर्वा फारशी करत नाहीत, पण तिच्यातून माणूस बाहेर आला की पळतात. माना वर आणि सगळ्यांची तोंडं आपल्याकडे झाली, तर आपण फार जवळ आलो आहोत. माना खाली जाऊन चरणं सुरू होईपर्यंत कुणी हलू नये. एकाने उडी घेतली की बाकीचे त्याच्यामागे उसळतात. ते दृश्य सुंदर असतं, पण ते आपल्या चुकीने घडलेलं असतं.

वरून काळा, पोटाला पांढरा आणि पिळाची शिंगं असलेला मोठा नर. फिक्या तपकिरी, बिनशिंगी माद्या. शिंगं आहेत पण रंग अजून मादीसारखाच तपकिरी, असे तरुण नर कळपाच्या कडेला असतात, काळे होत जाणारे. मोठा नर ठरावीक जागी लेंड्या टाकून आपली हद्द राखतो आणि या पोरसवद्यांना हाकलत राहतो. पंधरा वर्षांच्या मुलांना हे बघायला फार आवडतं; त्यावर आपण काही टिप्पणी न केलेली बरी.

माळढोकाचं आमिष दाखवून कुणाला आणू नका. 1979 मध्ये हे अभयारण्य ज्या पक्ष्यासाठी झालं, तो इथे आता जवळजवळ दिसत नाही; देशातले उरलेले बहुतेक माळढोक राजस्थानात आहेत. त्याऐवजी तारेवर बसलेला पांढुरका, लाल डोळ्यांचा कापशी बघा. तो हवेत एकाच जागी पंख मारत थांबतो आणि मग उंदरावर उतरतो. हिवाळ्यात गवताला लागून, डोलत जाणारे भोवत्ये हे शिकारी पक्षी असतात. नांगरटीत धाविक पक्षी पळतो, थांबतो, पुन्हा पळतो. थांबला की ढेकळात दिसेनासा होतो. टिटवी मात्र न शोधता सापडते, आणि आपण आल्याची बातमी साऱ्या माळाला तीच देते.

गवतात पाऊल टाकणार असाल तर सुती मोजे घालू नका. पावसाळ्यानंतर कुसळी गवताची काटेरी कुसळं मोज्यात शिरतात, ओलाव्याने पिळवटून आणखी आत जातात आणि दिवसभर टोचत राहतात. गुळगुळीत कापडाची पॅन्ट आणि पिशवीत एक चिमटा एवढं पुरे.

फोटोंचा प्रश्न इथे आपोआप सुटतो. फोनने काढलेला काळवीट ठिपक्याएवढा येतो, म्हणून फोन खाली जातात. हवाच असेल तर दुर्बिणीच्या एका भिंगाला फोनचं भिंग नीट जुळवून धरावं, कोपर खिडकीच्या चौकटीवर टेकवावं. कडेला काळं वर्तुळ येतं, पण मधे कळप चांगला उतरतो. तो फोटो मुलाने हवा तर स्टेटसला लावावा. त्याचा स्वतःचा फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकायचा असेल तर आधी त्याला दाखवावा.

साडेनऊनंतर जमीन तापते, झळा उठतात आणि चांगल्या दुर्बिणीतही प्राणी पाण्यातल्यासारखा लवलवतो. परत फिरायची वेळ तीच. न्याहारी अभयारण्याबाहेर, गावाजवळच्या एखाद्या झाडाखाली : कडक भाकरी, शेंगा चटणी, दही. कडक भाकरी माळावर गाडीत काढू नये. तिचा एक घास मोडला तरी शांतता संपते. केकऐवजी शेंगा पोळी न्यावी. ती दोन दिवस टिकते, डब्यात चेपत नाही आणि तिच्यावर मेणबत्ती उभी राहत नाही. दाण्याचा कूट मात्र अगदी बारीक हवा, भरड राहिला तर लाटताना पोळी फाटते. आपला कचरा आपल्याच पिशवीत परत.

नातेवाइकांना आदल्या दिवशीच सांगावं की फोन दुपारी बारानंतर करा, आणि पाकीट द्यायचं असेल तर आईकडे द्या. चारचौघांत पाकीट उघडून "किती आहेत बघ" हा प्रकार टळला की मुलाची निम्मी धास्ती संपते.

तारीख डिसेंबरात नसेल तर बेत बदलावा लागतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर जातो, तेव्हा आठपर्यंतच माळावर थांबावं आणि माणशी दोन लिटर पाणी घ्यावं. पावसाळ्यात माळ हिरवा आणि देखणा असतो, पण काळ्या मातीत डांबराखाली चाक उतरवलं की गाडी रुतते. तेव्हा फक्त पक्क्या रस्त्यावरून बघावं. जानेवारीच्या मध्यात वाढदिवस असेल तर गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीमुळे शहरातले रस्ते वळवलेले असतात आणि घरी पाहुणेही असतात. त्या वेळी सरळ पुढचा रविवार धरावा.