एकाच पावतीचे सहा मालक

गेमच्या नाण्यांचे रिचार्ज कोड आणि गिफ्ट कार्डं अधिकृतपणे विकणाऱ्या एका कंपनीच्या मदतकक्षात मी काम करते. आमच्याकडे सोमवार सकाळ नेहमीच जड असते. शनिवार-रविवारी लोक खेळतात, कोड घेतात आणि जे बिनसतं ते सगळं सोमवारी आमच्यापुढे येतं. त्या सोमवारी पहिलीच तक्रार होती, "कोड टाकला तर आधीच वापरलेला आहे असं येतंय." सोबत आमच्या पावतीचा फोटो होता. मोठा पॅक होता, ५००० नाण्यांचा. सिरियल नंबरचे शेवटचे चार आकडे ४४७१.

कोड आणि सिरियल नंबर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोड म्हणजे किल्ली, ज्याच्या हाती पडेल तो कुलूप उघडणार. सिरियल नंबर ही त्या किल्लीची नोंद. पूर्ण कोड आम्हाला स्क्रीनवर दिसतही नाही आणि आम्ही तो कुणाकडे मागतही नाही. सिरियल नंबरावरून तो कधी विकला गेला, कधी वापरला गेला एवढं कळतं. ४४७१ शनिवारी संध्याकाळी ७:५२ ला विकला गेला होता आणि ७:५८ ला वापरलाही गेला होता. तक्रार करणाऱ्या बाईंना तो मिळाला होता रात्री सव्वानऊला.

"ताई, मी पावती दिलीय ना तुम्हाला! खरी पावती आहे," त्या म्हणाल्या. पावती खरीच होती. फक्त ती त्यांची नव्हती. वरचा ई-मेल दुसऱ्या कुणाचा होता आणि फोटोत त्यावर बोटाने काळी रेघ ओढलेली होती. त्यांनी कोड आमच्याकडून घेतलाच नव्हता, एका चॅट ग्रुपमधल्या विक्रेत्याकडून चाळीस टक्के सवलतीत घेतला होता. मी नोंद केली, त्यांना पैशांबाबत लगेच काय करायचं ते सांगितलं आणि पुढच्या तिकिटाकडे वळले.

साडेदहाच्या सुमारास पुन्हा ४४७१ दिसला. आधी वाटलं, बाईंनीच दुसऱ्यांदा लिहिलं असेल. पण माणूस वेगळा होता, भाषा वेगळी होती, फोटो मात्र तोच. काळी रेघसुद्धा तीच, उजवीकडे किंचित वर गेलेली. मग मी तो नंबर टाकून सगळ्या तिकिटांत शोधलं. शेजारच्या दोन सहकाऱ्यांकडे मिळून आणखी तीन होती. जेवणाच्या सुट्टीआधी सहावं आलं. शनिवारी रात्रीपासून रविवारी दुपारपर्यंत एकच वापरलेला कोड सहा जणांना विकला गेला होता.

सहाही जणांच्या चॅट मी ओळीने वाचल्या. विक्रेता शिव्या देत नव्हता, पळूनही गेला नव्हता. कोड चालत नाही म्हटल्यावर तो सगळ्यांना एकच उत्तर देत होता: सर्व्हरवर लोड आहे, चोवीस तास थांबा, सारखा सारखा टाकू नका नाहीतर खातं लॉक होईल. हे चोवीस तास त्याला कशाला हवे होते ते तारखा-वेळा मांडल्यावर लगेच दिसलं. पहिला गिऱ्हाईक गप्प बसला म्हणून दुसरा फसला आणि दुसरा गप्प बसला म्हणून तिसरा. शिवाय पैसे पाठवल्यानंतरचे पहिले काही तासच बँकेला किंवा पेमेंट कंपनीला कळवून काही हाती लागण्याची शक्यता जास्त असते. तेच तास त्याने थांबायला लावून खाल्ले.

सर्व्हरचं कारण खोटं आहे हे त्या सहा जणांनाही समजू शकलं असतं, कारण कोड नाकारताना स्क्रीनवर आलेला संदेश बरंच सांगून जातो. शून्याऐवजी ओ टाकला किंवा कोड मनाने रचलेला असला, तर तो चुकीचा असल्याचं दिसतं. दुकानातलं कार्ड बिलिंगच्या वेळी सक्रिय झालंच नसेल, तर सक्रिय नसल्याचं येतं. दुसऱ्या देशासाठीचा कोड असेल तर प्रदेश जुळत नसल्याचं. या तिन्ही बाबतींत निदान विचारपूस करायला जागा असते. पण 'आधीच वापरलेला' हे उत्तर सर्व्हरने नोंद तपासूनच दिलेलं असतं. सर्व्हर बंद असता तर ते मिळालंच नसतं. चोवीस तासांनी ते बदलत नाही.

दुपारी पेमेंट विभागातल्या सहकाऱ्याला मी पावतीवरचा मूळ ई-मेल दिला. त्याने खातं उघडलं आणि म्हणाला, "याच्यावर तर आमच्याकडेही फाईल आहे." तीन आठवड्यांपूर्वी त्याच खात्यातून ५०० नाण्यांचे सात छोटे कोड घेतले गेले होते, तेही एकाच क्रेडिट कार्डावर. ते कार्ड खातेधारकाचं नव्हतं. ज्याचं होतं त्याने हा खर्च मी केलेला नाही असं बँकेला कळवलं होतं आणि बँकेने ती रक्कम आमच्याकडून परत घेतली होती.

एवढं कळल्यावर मला सगळा डाव दिसला. ते सात छोटे कोड अस्सल होते, सातही जणांकडे चालले. त्या समाधानी गिऱ्हाइकांचे 'मिळाला, धन्यवाद' असे मेसेज विक्रेत्याने ग्रुपवर वर पिन करून ठेवले. मग तीन आठवड्यांनी मोठा कोड काढला आणि तो सहा वेळा विकला. सहाही जण मला एकच सांगत होते की त्यांनी नीट चौकशी केली होती. केलीच होती. पण ती चौकशी त्यानेच पेरलेल्या पुराव्यांपाशी जाऊन थांबत होती.

सवलतीबद्दलही मला मनापासून वाटतं ते सांगते. या धंद्यात अधिकृत विक्रेत्याला एका कोडमागे सुटतात ते थोडे टक्के. त्यातून सणासुदीला तो एखाद-दोन टक्के सोडू शकतो. चाळीस टक्के कमी किमतीत रोज कोड विकणाऱ्याला तो कोड एकतर फुकट पडलेला असतो, म्हणजे दुसऱ्याच्या कार्डावर घेतलेला, नाहीतर त्याच्याकडे कोडच नसतो. तिसरी शक्यता मला इतक्या वर्षांत क्वचितच दिसली आहे.

चारच्या सुमारास फोन आला. तक्रार नव्हती, चौकशी होती. आवाजावरून कॉलेजातला मुलगा वाटला. "मॅडम, एक कोड घेतोय. तो चालू आहे का एवढं बघून सांगता? सिरियल नंबर देतो." आणि त्याने ४४७१ वाचून दाखवला.

माझ्यापुढे स्क्रीनवर उत्तर होतं आणि ते मला सांगता येत नव्हतं. कोड शिल्लक आहे की नाही हे आम्ही फक्त तो विकत घेणाऱ्यालाच सांगतो. हा नियम मला त्या क्षणी टोचला, पण तो का आहे हे मला माहीत आहे. दुकानात टांगलेल्या कार्डांची पट्टी खरवडून, आकडे उतरवून, वर नवी पट्टी चिकटवणारे लोक असतात. त्यांना एकच गोष्ट हवी असते, कार्ड सक्रिय कधी झालं ही. ती फोनवर मिळायला लागली तर घरी जाऊन पट्टी खरवडेपर्यंत खऱ्या गिऱ्हाइकाचं कार्ड रिकामं झालेलं असेल. (अशी पट्टी नखाने कडेला हलकेच तपासली तर खाली चिकटपणा लागतो किंवा पाकीट उघडून पुन्हा डकवल्याचं दिसतं. असं कार्ड घेऊच नये.)

म्हणून मी त्यालाच विचारलं, "पैसे दिलेस का?"

"नाही अजून. दहा मिनिटांत दिले नाहीत तर तो दुसऱ्याला देणार आहे."

"पावतीवर ई-मेल कुणाचा आहे? तुझा?"

"दिसत नाही. काळं केलंय."

"मग एवढं तुला सांगू शकते की पावती ज्याच्या ई-मेलवर आहे त्यालाच आम्ही मदत करतो. उद्या काही अडलं तर तुझं म्हणणं आमच्याकडे उभंच राहणार नाही."

तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, "पण मॅडम, त्याने व्हिडिओ पाठवलाय. स्क्रीन रेकॉर्ड केलंय. कोड टाकतो आणि नाणी जमा होतात. एडिट केलेला नाही, मी फ्रेम-फ्रेम बघितलाय."

"व्हिडिओ खरा आहे असंच धरू. नाणी कुणाच्या खात्यात जमा झाली?"

"त्याच्या."

"कोड किती वेळा चालतो?"

पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. मग तो हळूच म्हणाला, "म्हणजे तो संपला. मग मला काय विकतोय तो?"

सिरियल नंबराबद्दल मी एक शब्द बोलले नव्हते. जो व्हिडिओ तो पुरावा म्हणून धरून बसला होता, त्यातच कोड खर्च झालेला दिसत होता. सहाही जणांना तोच व्हिडिओ गेला होता आणि त्याची वेळ होती ७:५८.

बाकीच्या सहा जणांसाठी आमच्या हातात थोडंच होतं. वापरलेला कोड आम्ही मागे घेऊ शकत नाही आणि पैसे आमच्याकडे आलेच नव्हते, ते विक्रेत्याच्या वैयक्तिक खात्यात थेट गेले होते. प्रत्येकाला मी सांगितलं की चॅट पुसू नका, पैसे पाठवल्याची वेळ आणि व्यवहार क्रमांक लिहून ठेवा आणि आजच बँकेला आणि सायबर पोलिसांना कळवा. 'कोड अनलॉक करायचं शुल्क' म्हणून तो आणखी पैसे मागेल, ते देऊ नका. दोघांकडे त्याने ते आधीच मागितले होते. एकाकडे तर 'मीच आतून टाकून देतो' म्हणून गेमचा पासवर्ड आणि ओटीपी मागितला होता. नाणी थेट खात्यात भरायची असली तरी सहसा खेळाडूचा आयडी पुरतो, विक्रेत्याला पासवर्ड द्यावा लागत नाही. त्या माणसाने ओटीपी दिला नव्हता, हे ऐकून मला खरंच बरं वाटलं.

संध्याकाळी निघायच्या बेतात असताना शेवटचं तिकीट उघडलं. एका शाळकरी मुलाने लिहिलं होतं. तीन आठवड्यांपूर्वी त्याने ५०० नाण्यांचा कोड घेतला होता, तो व्यवस्थित चालला होता, आणि आज सकाळी त्याच्या खात्यात उणे ५०० दिसत होते. तो त्या सातांपैकी एक होता. चोरीच्या कार्डाची तक्रार खरी ठरल्यावर आम्ही ते कोड गेमच्या कंपनीला कळवले होते आणि तिने तेवढी नाणी परत वळती केली होती. त्याने ती केव्हाच खर्च केली असल्याने हिशोब उण्यात गेला. तेवढी भरेपर्यंत त्याला काही विकत घेता येणार नव्हतं.

मी त्याला फोन केला, त्याच्या वडिलांनाही सोबत बसायला सांगितलं, आणि कार्डाचं सगळं समजावलं. वडील म्हणाले, "पण कोड तर चालला होता हो." मी म्हटलं, हो, चालला होता, पण तो दुसऱ्याच्या पैशांचा होता.

मुलगा मध्येच बोलला. ग्रुपवर सगळ्यात वर पिन केलेला मेसेज त्याचा होता. खाली लोकांनी त्यालाच विचारलं होतं, हा खरा आहे का, आणि त्याने प्रत्येकाला हो म्हणून कळवलं होतं. आता तो मेसेज कसा काढायचा असं तो विचारत होता. मी सांगितलं, आधी त्याचा स्क्रीनशॉट वेळेसकट काढून ठेव, तो तक्रारीला लागेल. मग ज्यांना ज्यांना हो म्हणालास त्यांना एकेकाला लिही. त्याने नावं मोजली. अकरा होती. फोन चालू ठेवूनच त्याने पहिल्याला टाइप करायला घेतलं.